जाऊबाईंचं 'व्हेरिकोज', पाळीच्या गोळ्या आणि दुखरी पोटरी

मधली_जाऊ · सोमवार, रात्री 10:52

नमस्कार मंडळी. धाकट्या जावेबद्दल विचारायचंय. वय 36, दोन मुलं, आम्ही सगळे सिंहगड रोडला एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. गेले सहा-सात महिने तिची पाळी बेभरवशाची झालीये, आली की आठ-नऊ दिवस थांबत नाही. नवीन गायनॅकनी सोनोग्राफी केली, ती नॉर्मल आली, म्हणून तीन महिन्यांसाठी 21 गोळ्यांचं पाकीट दिलं. आज 11वी गोळी.

परवापासून म्हणते डावी पोटरी भरून आलीये, जिना उतरताना ओढ बसते. तिच्या त्या पायाला व्हेरिकोज व्हेन्स आहेत, म्हणून आधी दुर्लक्ष केलं. आज मी पाकिटातला कागद काढून वाचला, मोबाइलची टॉर्च आणि सासऱ्यांचं भिंग दोन्ही लागलं. त्यात रक्ताच्या गुठळ्यांचं लिहिलंय. गोळीत इथिनिल इस्ट्रॅडिऑल 0.03 मिग्रॅ आणि ड्रॉस्पिरेनोन 3 मिग्रॅ आहे.

प्रश्न एवढाच: व्हेरिकोज असताना ही गोळी चालते का? आणि पाकीट पुरं करायचं की मध्येच बंद करायचं? मध्येच सोडली तर पाळीचा आणखी घोळ होईल असं ती म्हणते.

आज्जीबाई_जोरात · सोमवार, रात्री 11:05

काही होत नाही गं. मी सरकारी दवाखान्यातली माला-डी दहा वर्षं घेतली, शेतातली कामं करून. पाय सगळ्यांचेच दुखतात. तिला रात्री तेल लावून झोपायला सांग.

औषधवाला_सदाशिव · सोमवार, रात्री 11:20

माझं दुकान आहे, रोज हेच विकतो, म्हणून लिहितो. नुसत्या व्हेरिकोजला या गोळ्यांची बंदी नाही, हे नक्की. वरवरच्या फुगलेल्या शिरा आणि आतल्या शिरेतली गुठळी या दोन वेगळ्या गोष्टी. तेव्हा घाबरू नका. फार तर डॉक्टरांना सांगून इथिनिल इस्ट्रॅडिऑल, म्हणजे इस्ट्रोजेन, 30 ऐवजी 20 मायक्रोग्रॅमवाली घ्या. ड्रॉस्पिरेनोन नवीन पिढीचं आहे, जुन्यापेक्षा सेफ. सोबत बेबी अ‍ॅस्पिरिन घेतली तरी चालेल.

बिब्बा · सोमवार, रात्री 11:41

आज्जी, तेल नको, आणि पोटरी चोळायची तर अजिबात नाही.

मधली_जाऊ, मी फिजिशियन आहे, पुण्यातच. उद्याची गोळी घेण्याआधी एवढ्याची उत्तरं द्या. 'व्हेरिकोज' हे नाव कोणी ठेवलं? पाय पहिल्यांदा कधी सुजला होता, आणि कशानंतर? तेव्हा डॉप्लर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, झाला होता का? पोटात टोचायची इंजेक्शनं किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या काही महिने घेतल्या होत्या का? आणि आत्ता धाप, छातीत टोचल्यासारखं, खोकल्यातून रक्त यातलं काही आहे का? असेल तर उत्तर लिहीत बसू नका, 108 ला फोन करा.

मधली_जाऊ · मंगळवार, रात्री 12:10

डॉक्टर, तिला उठवून विचारलं. धाप वगैरे काही नाही.

बाकीचं ऐकून माझंच डोकं फिरलं. धाकट्या मुलाच्या वेळी सिझर झालं होतं, सहा वर्षांपूर्वी, साताऱ्याला माहेरी. पंधरा-वीस दिवसांनी डावा पाय मांडीपर्यंत सुजला. डॉप्लर केला होता. आठवडाभर पोटात इंजेक्शनं आणि मग सहा महिने गोळ्या, त्यासाठी दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचे. तेव्हापासून त्या पायाच्या शिरा दिसतात आणि संध्याकाळी घोटा सुजतो. त्यालाच आम्ही सगळे घरात व्हेरिकोज म्हणतो! गायनॅकनी 'काही आजार आहे का' विचारलं तेव्हा तिने हेच सांगितलं, 'पायाला व्हेरिकोज आहे, बाकी काही नाही.' जुनी फाइल साताऱ्याला माळ्यावर आहे.

बिब्बा · मंगळवार, रात्री 12:34

मग हे व्हेरिकोज नाही. ही आतल्या मोठ्या शिरेतली जुनी गुठळी आहे. ती विरघळताना शिरेतल्या झडपा खराब करून गेली, म्हणून रक्त खाली साचतं, घोटा सुजतो आणि वरच्या शिरा फुगतात. बाहेरून पाहिलं तर दोन्ही सारखंच दिसतं. गोळी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने मात्र नुसतं व्हेरिकोज असेल तर इस्ट्रोजेनला काहीच आडकाठी नसते, आणि एकदा खोल शिरेत गुठळी होऊन गेली असेल तर ते द्यायचंच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात नुसतं व्हेरिकोज पहिल्या गटात आहे, होऊन गेलेली गुठळी चौथ्या, म्हणजे शेवटच्या.

गोळी आता बंद. पाकीट पुरं करायचं नाही. दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होईल, तो अपेक्षित आहे. गर्भनिरोधक म्हणूनही त्यावर भिस्त असेल तर आजपासून निरोध.

आता पोटरी मोजा. शिवणकामाची टेप चालेल. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथून बरोबर 10 सेंमी खाली पेनाने खूण करा, दोन्ही पायांवर. तिथला घेर लिहून ठेवा. मग नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरा आणि खळगा राहतो का ते पाहा. सकाळी उठल्याबरोबर डॉक्टरकडे, डॉप्लर उद्याच. परवावर ढकलू नका.

औषधवाल्यांसाठी वेगळं लिहितो, पण उद्या.

मधली_जाऊ · मंगळवार, सकाळी 7:15

डावी 38, उजवी 34.5. डाव्या नडगीवर अंगठ्याचा खळगा राहिला. नऊ वाजता निघतोय.

गौरी_येती_दारी · मंगळवार, सकाळी 9:48

माझाही हाच प्रश्न होता, बरं झालं धागा निघाला! गौरी बसतात त्याच दिवसांत माझी तारीख येतेय. पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून आणलीये, दिवसातून तीन वेळा. यात इस्ट्रोजेन नसतं ना? मैत्रीण म्हणाली ती फक्त प्रोजेस्टेरॉनची असते, म्हणून एकदम सेफ. मलाही डिलिव्हरीनंतर पायात गुठळी झाली होती, पण त्याला बारा वर्षं झाली.

निवांत_नाना · मंगळवार, सकाळी 10:20

ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, वेगळा धागा काढा. इथे कुटुंबनियोजनाच्या गोळीबद्दल चाललंय.

बाकी मला कळत नाही एवढा गहजब कशाला. गरोदरपणात गुठळीचा धोका गोळीपेक्षा जास्त असतो असं वाचलंय. मग काय मुलं होऊ द्यायची नाहीत? आधी बायकांना गोळ्या घ्या म्हणायचं, मग त्यांनाच घाबरवायचं.

बिब्बा · मंगळवार, दुपारी 2:05

ओपीडी संपली, सावकाश लिहितो.

नाना, गरोदरपणाचं तुम्ही बरोबर वाचलंय. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या 10,000 बायकांत वर्षाला साधारण दोघींना गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलवाली जुनी गोळी, म्हणजे आज्जींच्या माला-डीसारखी, घेतली तर पाच ते सात जणींना. ड्रॉस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेलवाली घेतली तर नऊ ते बारा. गरोदरपणात याहून जास्त, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तर सगळ्यात जास्त. म्हणूनच या जावेचा पाय तेव्हा सुजला. निरोगी बाईसाठी दहा हजारांत सात हा आकडा घाबरण्याचा नाही, आज्जींना काही झालं नाही यात नवल काहीच नाही. पण हे आकडे ज्यांना आधी कधी गुठळी झाली नाही त्यांचे आहेत. हिच्या बाबतीत ते लागूच होत नाहीत.

औषधवाले, तुमचं पहिलं वाक्य बरोबर, शेवटची तीन चूक. नवीन पिढी गुठळीच्या बाबतीत जास्त सेफ नाही, उलट आहे, आकडे वर दिलेत. इस्ट्रोजेन 30 चं 20 केलं म्हणून जुनी गुठळीवाली बाई पात्र होत नाही. आणि अ‍ॅस्पिरिन रोहिणीतल्या, म्हणजे हार्ट अटॅकच्या जातीच्या गुठळीवर चालते. शिरेतली गुठळी बहुतांशी रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांची करामत असते. तोंडावाटे गेलेलं इथिनिल इस्ट्रॅडिऑल यकृताला ती प्रथिनं जास्त बनवायला लावतं आणि गोठण्याला आवर घालणारं प्रोटीन एस कमी करतं. पारडं दोन्हीकडून झुकतं. अ‍ॅस्पिरिनचं सुरक्षाकवच समजून गोळी चालू ठेवणं हे मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे, म्हणून एवढं चिडून लिहितोय.

अजून एक. धोका सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. त्यामुळे 'अकराच गोळ्या तर झाल्यात' हा दिलासा नाही.

आता गौरीताई. नाना, यांचा प्रश्न वेगळा नाही हो, हाच आहे. तुमची गोळी नॉरएथिस्टेरॉन 5 मिग्रॅ असणार. पाकिटावर इस्ट्रोजेन लिहिलेलं नसतं, कारण त्यात नसतंच. पण शरीरात गेल्यावर तिचा छोटा हिस्सा इथिनिल इस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो. दिवसाला 10 ते 20 मिग्रॅ घेतली तर ते 20 ते 30 मायक्रोग्रॅमच्या गोळीइतकं भरतं. तुम्ही तीन वेळा म्हणजे 15 घेणार. नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या रोजच्या मिनी पिलमध्ये हेच औषध मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं असतं, त्याला हे लागू नाही. तेव्हा बारा वर्षं झाली असली तरी ती गोळी सुरू करू नका. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन असं बदलत नाही, काही डॉक्टर अशा वेळी ते देतात. पण तेही कागदावर लिहून आणा, दुकानातून उचलून नको.

औषधवाला_सदाशिव · मंगळवार, दुपारी 3:30

अ‍ॅस्पिरिनचं मागे घेतो. नॉरएथिस्टेरॉनचं मला खरंच माहीत नव्हतं. गणपतीच्या आधी पंधरा दिवस दुकानात सगळ्यात जास्त खपणारी स्ट्रिप ती. नवरेच येऊन घेऊन जातात, कुणाला काय विचारणार?

झडपवाली · मंगळवार, दुपारी 4:12

मी लिहू का? माझा पाय नाही, हृदय आहे. लहानपणी संधिवाताचा ताप, त्यातून मायट्रल झडप आखडली. 22 व्या वर्षी फुग्याने उघडली, 31 व्या वर्षी धातूची बसवली. आता आयुष्यभर रक्त पातळ करणारं असिट्रोम आणि रक्त किती पातळ झालंय ते बघायला दर महिन्याला आयएनआर.

मधल्या काळात चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी त्वचेच्या डॉक्टरांनी मला हीच मिश्र गोळी दिली होती. त्यांनी विचारलं, 'लग्न झालंय? बाकी काही त्रास?' मी म्हटलं नाही. कारण माझ्या डोक्यात झडपेचं काम झालं होतं, ती बरी झाली होती! दोन महिन्यांनी हृदयाच्या फॉलो-अपला पिशवीतून सगळ्या गोळ्या टेबलावर ओतल्या तेव्हा सरांनी ते पाकीट उचलून बाजूला ठेवलं. म्हणाले, तुझा डावा कप्पा फुगलेला आहे, ठोके अधूनमधून अनियमित होतात, तिथे रक्त घुटमळतं. तिथे गुठळी झाली तर ती पायातून फुप्फुसात जाणारी नाही, सरळ मेंदूत जाईल.

मुरुमांचं औषध आणि हृदय यांचा संबंध असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

माझी शंका वेगळी आहे. आता मी रक्त पातळ करणारी गोळी घेतेच आहे. मग मला इस्ट्रोजेन चालायला हवं, नाही का? पाळीत रक्तस्राव खूप होतो, असिट्रोममुळे तर अजूनच.

बिब्बा · मंगळवार, संध्याकाळी 7:40

तुमचे सर बरोबर बोलले. सगळ्या झडपवाल्यांना बंदी नसते. थोडीशी गळणारी झडप, ठोके नियमित, कप्पे नॉर्मल आणि फुप्फुसाचा दाब वाढलेला नाही, अशा बाईला गोळी विचारपूर्वक देता येते. ठोके अनियमित, कप्पा फुगलेला, फुप्फुसाचा दाब वाढलेला किंवा झडपेला पूर्वी जंतुसंसर्ग झालेला असेल तर नाही. धातूच्या झडपेलाही नाही. हृदयाला भोक असलेल्यांचं आणखी एक असतं. पायातली गुठळी त्या भोकातून डावीकडे निसटून मेंदूपर्यंत पोचू शकते. हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना कायमचं नाही.

तुमच्या शंकेचं उत्तर सरळ नाही. पायातल्या गुठळीसाठी रक्त पातळ करणारं औषध पूर्ण डोसमध्ये चालू असताना हार्मोन घेणाऱ्या बायकांत नवी गुठळी वाढलेली दिसली नाही, असा अभ्यास आहे. त्यामुळे काही रक्तविकारतज्ज्ञ तेवढ्या काळापुरती गोळी चालू ठेवतात आणि पातळ करणारं औषध थांबवण्याआधी ती बंद करतात. पण ते शिरेतल्या गुठळीबद्दल. धातूच्या झडपेवर तो निष्कर्ष मी चिकटवणार नाही. शिवाय असिट्रोमचा आयएनआर हलत राहतो, एक महिना 1.6 इतका खाली आला की कवच संपलं.

रक्तस्रावासाठी हार्मोनवाली कॉपर-टी तुमच्या सरांना आणि गायनॅकना एकत्र विचारा. त्यातलं लेव्होनॉरजेस्ट्रेल बहुतांशी गर्भाशयातच राहतं, इस्ट्रोजेन नसतं, पाळी खूप कमी होते. साधी तांब्याची बसवू नका, रक्तस्राव वाढेल. आणि असिट्रोमवर असताना नको असलेलं गरोदरपण परवडणारं नाही, त्या गोळीने बाळात व्यंग येऊ शकतं. म्हणून 'इस्ट्रोजेन नको' एवढं ऐकून 'काहीच नको' असं करू नका.

पर्वतीची_पोर · मंगळवार, रात्री 8:15

मला पाय नाही, हृदय नाही, पण गोळी सुरू करताना कोणी बीपी मोजलंच नव्हतं. चार महिन्यांनी ऑफिसच्या तपासणीत 150/96 निघालं.

बिब्बा · मंगळवार, रात्री 8:22

140/90 च्या वर असेल तर शक्यतो देत नाहीत, 160/100 च्या वर अजिबात नाही. गोळीनेच वाढलं असेल तर बंद केल्यावर काही आठवड्यांत उतरतं. पुन्हा मोजा, आणि तोवर दुसरं साधन घ्या.

मधली_जाऊ · मंगळवार, रात्री 9:30

आलो घरी. सगळा दिवस गेला.

डॉप्लरमध्ये नवी गुठळी दिसली नाही. पण गुडघ्यामागची शीर जाड, खरखरीत आणि दाबल्यावर पूर्ण मिटत नाही, 'जुने बदल' असं लिहिलंय. रेडिओलॉजिस्टनी पहिली गोष्ट मागितली ती साताऱ्याचा जुना रिपोर्ट, म्हणजे तेव्हाची शीर आणि आत्ताची शीर लावून बघता येईल. तो माळ्यावर! दीर उद्या पहाटेच्या एसटीने जातायत.

गुठळीचा अंदाज देणारी डी-डायमर ही रक्ततपासणी केली, ती वाढलेली आली. म्हणून आठवड्याने परत डॉप्लर. तोपर्यंत इंजेक्शन द्यायचं की नाही यावर तिथल्या दोन डॉक्टरांचं एकमत झालं नाही. एक म्हणाले जुना इतिहास, साडेतीन सेंमी फरक, देऊन टाकू. दुसऱ्या म्हणाल्या आता गोळी बंद केल्याने रक्तस्राव सुरू होणार, आधीच हिमोग्लोबिन 9.2 आहे. शेवटी न देता घरी पाठवलंय, पण धाप लागली किंवा सूज वाढली तर रात्रीसुद्धा यायचं.

बिब्बा डॉक्टर, डी-डायमर वाढली म्हणजे गुठळी आहेच ना?

बिब्बा · मंगळवार, रात्री 10:05

नाही. नॉर्मल आली तर गुठळी बरीचशी बाद करता येते, हा तिचा उपयोग. वाढण्याला सतरा कारणं असतात, जंतुसंसर्ग, सूज, मार, गोळी स्वतःसुद्धा. म्हणून आठवड्याने पुन्हा डॉप्लर. छोटी गुठळी पोटरीतच असेल आणि वर सरकणार असेल तर साधारण तेवढ्या वेळात दिसते. इंजेक्शनचं तुमच्या डॉक्टरांनी बाई समोर बसवून ठरवलंय, मी इथून मत देणार नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

पोटरीची साडेतीन सेंमीसुद्धा नेमकी किती नवी हे सांगता येत नाही. जुन्या गुठळीचा पाय कायमचाच थोडा जाड राहतो. म्हणून रोज सकाळी त्याच खुणेवर मोजत राहा.

आज्जीबाई_जोरात · मंगळवार, रात्री 10:18

मग रक्त थांबायला ती दुसरी गोळी द्या की, पाळीच्या चार दिवसांत घ्यायची. माझ्या सुनेला दिलीये. त्यात हार्मोन नाही म्हणे.

बिब्बा · मंगळवार, रात्री 10:31

ट्रानेक्सामिक अ‍ॅसिड म्हणताय. हार्मोन नाही हे खरं, पण ती गोळी बनलेली गुठळी विरघळू देत नाही. पाकिटावर गुठळीचा इतिहास असलेल्यांना नको असंच लिहिलेलं असतं. काही डॉक्टर जुन्या, जिचं कारण आता उरलेलं नाही अशा गुठळीनंतर सांभाळून देतात, काही देत नाहीत. दुसरा डॉप्लर होईपर्यंत हिला तरी नको.

गौरी_येती_दारी · मंगळवार, रात्री 11:02

डॉक्टर, तुमचं दुपारचं आत्ता वाचलं. मी सकाळपासून दोन गोळ्या घेतल्यात. तिसरी हातात होती. परत डबीत टाकली. सासूबाईंना सांगितलं या वेळी नैवेद्य तुम्ही दाखवा, त्या म्हणाल्या बरं. एवढ्या सहज म्हणतील असं वाटलं नव्हतं.

मधली_जाऊ · बुधवार, सकाळी 7:20

डावी 37.5, उजवी 34.5. रक्तस्राव अजून सुरू नाही. दीर कराडच्या गाडीत चढलेत, साताऱ्याला उतरतील.

औषधवाला_सदाशिव · बुधवार, सकाळी 10:40

आज काउंटरला चिकटपट्टीने कागद लावलाय: 'पाळीची कोणतीही गोळी घेताना, बाळंतपणानंतर किंवा कधीही एक पाय सुजून इंजेक्शनं घ्यावी लागली होती का?' 'गुठळी' शब्द मुद्दाम टाकला नाही. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, एक पाय म्हणजे कुठला?